खाचरातला ताप आणि आठवड्याची गोळी

आषाढातल्या लावणीच्या दिवसांत कोकणातील भातखाचरात उतरलेल्या बाईचे पाय सकाळपासून दिवस कलेपर्यंत घोट्याच्या वर चिखलात असतात, आणि हा क्रम एका शेतापुरता न राहता, आज स्वतःचे, उद्या शेजाऱ्याचे, परवा मजुरीचे, असा तीन-चार आठवडे अखंड चालतो. या अवधीत तिच्या पायांची जी अवस्था होते ती ज्याने जवळून पाहिली आहे, त्याला लेप्टोस्पायरोसिस या रोगाचा प्रवेशमार्ग वेगळा समजावून सांगावा लागत नाही. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होऊन कातडी पांढरी व फुगीर झालेली असते, टाचेच्या भेगा पाण्याने मऊ होऊन उघडलेल्या असतात, आणि बांधावरच्या गवताने व खेकड्यांच्या कवचांनी नडगीवर बारीक ओरखडे उमटलेले असतात. अभंग त्वचा ही या जंतूला रोखणारी मोठी भिंत आहे. पाण्यात भिजून ती भिंत जागोजागी दरवाजे उघडते.

जंतू येतो कोठून, हा प्रश्न त्याहून थोडा विस्ताराने पाहण्यासारखा आहे. लेप्टोस्पायरा हा मळसूत्रासारखा वळलेला, टोकाशी आकडा असलेला, केसाहून शेकडो पटींनी बारीक असा जंतू; साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसतच नाही, काळ्या पार्श्वभूमीवर तिरका प्रकाश पाडूनच त्याचे वळवळणे पाहता येते. उंदीर आणि घूस यांच्या मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांत तो बिऱ्हाड करतो, यजमानाला विशेष इजा करीत नाही, आणि महिनोन् महिने मूत्रावाटे बाहेर पडत राहतो. गाई, म्हशी, डुकरे, कुत्री हीही त्याची आश्रयस्थाने आहेत, आणि म्हणून ज्या गोठ्याचे सांडपाणी पागोळीच्या पाण्याबरोबर खालच्या खाचरात उतरते, त्या खाचराचा धोका केवळ बांधातल्या बिळांवरून मोजता येत नाही. उन्हाने वाळलेल्या जमिनीत, खाऱ्या पाण्यात, आम्लात किंवा क्लोरिनच्या सान्निध्यात हा जंतू लवकर मरतो. पण ओली, कोमट, फार आंबट नसलेली माती आणि साचलेले पाणी मिळाले, तर आठवडे, प्रसंगी महिनेही, तो जिवंत राहू शकतो. पावसाळी भातशेती त्याला हे सर्व एकत्र पुरविते. त्वचेखेरीज डोळ्यांचे, नाकाचे आणि तोंडाचे अस्तर हेही त्याचे मार्ग आहेत. चिखलाने भरलेल्या हाताने कपाळावरचा घाम पुसणे, ओढ्याच्या पाण्याने चूळ भरणे, अशा क्षणिक कृतीही त्याला पुरेशा होतात.

या रोगाचा इतिहास प्रथमपासून श्रमिकांचा इतिहास आहे. १८८६ साली हायडेलबर्ग येथे आडोल्फ वाइल या वैद्याने कावीळ, मूत्रपिंडाचा विकार आणि प्लीहावृद्धी यांसह येणाऱ्या तापाचे वर्णन केले, परंतु त्याचा जंतू सापडला तो पुढे सुमारे तीस वर्षांनी, जपानातील क्यूशू बेटावर, कोळशाच्या ओल्या खाणींत राबणाऱ्या मजुरांच्या रक्तात. इनादा आणि इदो यांनी तो १९१५ च्या सुमारास ओळखला. आपल्याकडे अंदमानच्या बंदिवसाहतीतील तापाचा अभ्यास टेलर आणि गोयल यांनी १९३१ साली प्रसिद्ध केला, म्हणजे काळ्या पाण्याची शिक्षा झालेले कैदी ज्या दलदलीत राबत होते तेथे हा रोग नांदत होता याची नोंद आपल्या सरकारी दफ्तरात शतकभराच्या आसपास जुनी आहे. इतके असूनही १९८८ पासून त्याच बेटांवर ताप येऊन, खोकल्यावाटे रक्त पडून माणसे मरू लागली, तेव्हा त्या आजाराला अंदमानी रक्तस्रावी ताप असे नाव देण्यात आले आणि तो लेप्टोस्पायरोसिसच होय हे ठरायला काही वर्षे गेली. कावीळ दिसेल तेव्हाच हा रोग, अशी पुस्तकी सवय वैद्यांना लागली होती. या रुग्णांपैकी पुष्कळांना कावीळ नव्हती, फुप्फुसे रक्ताने भरत होती.

येथेच रुग्णव्याख्येचा प्रश्न उभा राहतो. रुग्ण कोणास म्हणावे हे ठरविणे म्हणजे कागदी काम, असा समज पुष्कळांचा असतो. परंतु पावसाळ्यात कोकणातील प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओसरीवर तापाचे तीस-चाळीस रुग्ण बसलेले असताना, त्यांतल्या कोणाला डेंगी, कोणाला हिवताप, कोणाला स्क्रब टायफस आणि कोणाला साधा पडसे-ताप हे रक्ताचा अहवाल येण्यापूर्वी निवडावे लागते, आणि ही निवड करण्याचे साधन म्हणजेच व्याख्या. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिच्या तीन पायऱ्या आहेत. अकस्मात आलेला ताप, डोकेदुखी, अंगदुखी, गळून जाणे, आणि त्याबरोबर दूषित पाण्याशी, चिखलाशी किंवा जनावरांशी आलेला संबंध, एवढ्यावर, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे, लघवी कमी होणे, कावीळ, रक्तस्राव यांपैकी काही असल्यास तो संशयित रुग्ण. त्याच्या रक्तात जंतूविरुद्धची आय-जी-एम प्रतिद्रव्ये आढळली की तो संभाव्य. जंतू प्रत्यक्ष वाढविता आला, पीसीआर चाचणीत त्याची जनुकद्रव्याची खूण सापडली, किंवा दहा-चौदा दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांत प्रतिद्रव्यांचे प्रमाण चौपट चढलेले दिसले, म्हणजे तो निश्चित. ही शेवटची चाचणी करताना प्रयोगशाळेला निरनिराळ्या वाणांचे जिवंत जंतू सांभाळावे लागतात आणि रुग्णाच्या रक्तद्रवात ते गुठळ्या करतात की नाही हे सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहावे लागते. अशा प्रयोगशाळा देशात मोजक्याच आहेत, आणि दुसरा नमुना घेण्याची वेळ येईपर्यंत रुग्ण एकतर बरा होऊन शेतावर गेलेला असतो किंवा हयात नसतो.

सिंधुदुर्गात सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या एका केंद्रावरील उदाहरण येथे तपशिलाने देतो. पंचेचाळिशीच्या आतबाहेरचा, अल्पभूधारक, स्वतःची लावणी आटोपून दुसऱ्यांकडे पॉवर टिलरने चिखलणी करणारा एक शेतकरी तापाच्या पाचव्या दिवशी तेथे आला. तोवर गावातल्या दुकानातून आणलेल्या तापाच्या गोळ्यांवर त्याने दिवस काढले होते. डॉक्टर तरुण होते. त्यांनी नाडी पाहण्याच्या आधी विचारले, "काका, गेल्या पंधरा दिवसांत काय काम केलंत?" उत्तर ऐकून त्यांनी त्याला खाटेवर पालथे झोपविले आणि दोन्ही पोटऱ्या अंगठ्याने हलकेच दाबल्या, तो कळवळून उठला. डोळे आल्यासारखे लालभडक होते, पण त्यांत चिपडे नव्हती, चिकटा नव्हता. हा फरक लहान दिसतो. साथीच्या डोळ्यांत स्राव असतो, या तापात केवळ रक्तवाहिन्या फुगून डोळा लाल होतो, आणि तापाबरोबर असा कोरडा लाल डोळा व दुखरी पोटरी एकत्र दिसणे हे डेंगीत क्वचित घडते.

डॉक्टरांनी मग फेनच्या गुणपद्धतीने हिशेब मांडला. ही पद्धत सॉली फेन या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाची. चेन्नईच्या वैद्यांनी २००४ साली तिच्यात भारतीय परिस्थितीला अनुसरून सुधारणा केली. डोकेदुखीचे दोन, तापाचे दोन, ताप ३९ अंशांवर असल्याचे आणखी दोन, लाल डोळ्यांचे चार, स्नायुवेदनेचे चार, असे लक्षणांचे चौदा गुण झाले. पावसाचे पाच, दूषित परिसराशी संपर्काचे चार, जनावरांशी संपर्काचा एक, असे परिस्थितीचे दहा. एकूण चोवीस. लक्षणे आणि परिस्थिती मिळून सव्वीस झाले तर प्रयोगशाळेची वाट न पाहताही निदान ग्राह्य धरता येते. वीस ते पंचवीसमध्ये ते शक्यतेच्या कोटीत राहते. एलायझा चाचणीत आय-जी-एम आढळल्यास पंधरा गुण वाढतात, आणि तिन्ही भागांची बेरीज पंचवीस किंवा अधिक झाली म्हणजे निदान ग्राह्य धरले जाते. या शेतकऱ्याची चाचणी दोन दिवसांनी सकारात्मक आली व बेरीज एकोणचाळीस झाली. परंतु डॉक्टरांनी औषध चोवीस गुणांवरच सुरू केले होते, आणि ते योग्य होते, कारण ही प्रतिद्रव्ये रक्तात दिसू लागायला पाच ते सात दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी केलेली चाचणी नकारात्मक आली म्हणून रुग्णाला घरी धाडणे ही या रोगातली सर्वांत घातक चूक आहे.

या हिशेबात एक गोष्ट माझ्या मनात विशेष ठसली. चोविसांपैकी दहा गुण तपासणीतून आलेले नव्हते. ते त्या पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातून आले होते. कामाची चौकशी झाली नसती तर हाच माणूस चौदा गुणांचा, म्हणजे अंगदुखीच्या तापाचा एक सामान्य रुग्ण ठरला असता, आणि आणखी दोन दिवसांनी लघवी बंद झाल्यावर गोव्याच्या किंवा कोल्हापूरच्या रुग्णालयाकडे त्याला न्यावे लागले असते.

आता गोळीचा विचार. डॉक्सिसायक्लिन हे जुने, स्वस्त प्रतिजैविक आठवड्यातून एकदा दोनशे मिलिग्रॅम घेतल्यास हा रोग टळतो, या समजुतीचा मोठा आधार म्हणजे पनामाच्या जंगलात प्रशिक्षण घेणाऱ्या अमेरिकी सैनिकांवर झालेला व १९८४ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग. औषध नसलेली गोळी घेणाऱ्या ४६९ जणांपैकी वीस आजारी पडले, औषध घेणाऱ्या ४७१ जणांपैकी एकच. परंतु ते सैनिक परमुलखातून आलेले, तीन आठवड्यांच्या मुदतीपुरते चिखलात गेलेले, तरुण आणि सुदृढ होते. जेथे माणूस जन्मभर त्याच मातीत वावरतो तेथे काय होते, याचे उत्तर आपल्याच देशात मिळाले. पोर्ट ब्लेअरच्या संशोधन केंद्रातील सहगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर अंदमानात ७८२ लोकांवर बारा आठवडे हाच प्रयोग केला आणि तो २००० साली प्रसिद्ध झाला. रक्तात संसर्गाची खूण उमटण्याचे प्रमाण दोन्ही गटांत फारसे भिन्न आढळले नाही. पण प्रत्यक्ष आजारी पडलेले औषध घेणाऱ्यांत शेकडा ३.११ होते आणि न घेणाऱ्यांत शेकडा ६.८२.

या दोन वाक्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे, कारण गावोगावच्या गोळीवाटपाची सगळी मर्यादा त्यांत सामावलेली आहे. गोळी जंतूला शरीरात शिरण्यापासून रोखीत नाही. औषधाचा अंश रक्तातून काही दिवसांत ओसरतो, मग ते आठवड्याला एकदा घेऊन कसे भागते, असा प्रश्न एका आशाताईने मला विचारला होता, आणि तो अगदी रास्त होता. जंतू शिरल्यापासून ताप चढेपर्यंत बहुधा पाच ते चौदा दिवस जातात. या अवधीत जंतू रक्तात संख्येने वाढत असतो. आठवड्याची गोळी मागल्या आठवड्यात शिरलेल्या जंतूंना वाढण्यापूर्वी गाठते, एवढाच तिचा डाव आहे. म्हणून एक आठवडा चुकला तर पुढल्या आठवड्यात दुप्पट गोळ्या घेऊन ती चूक भरून निघत नाही. आणि म्हणूनच बाजारचा दिवस, सोमवार किंवा एकादशी, असा ठरीव वार नेमून समोर गोळी गिळविण्याची पद्धत जेथे पाळली जाते तेथेच या उपायाला अर्थ राहतो. आजारही निम्म्याने टळतो, पुरता टळत नाही. गोळी घेतलेल्याला ताप आला तर तो दुसराच काही असेल, असे गृहीत धरणे हा रुग्णावर अन्याय आहे. प्रतिबंधाची आठवड्याची दोनशे मिलिग्रॅमची मात्रा म्हणजे इलाज नव्हे. सौम्य रोगावरही शंभर मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस द्यावी लागते, आणि गंभीर रुग्णाला पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रियाक्सोन शिरेवाटे द्यावे लागते.

राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी या वाटपाला दोन कुंपणे घातली आहेत. ज्या गावांत रुग्णांचे पुंजके आढळले आहेत तेथील भातशेतीत किंवा कालवे-गटारांच्या सफाईत असलेल्यांनाच, आणि तेही ऐन प्रसाराच्या दिवसांत, गोळी द्यावी. आणि सहा आठवड्यांपलीकडे ती चालू ठेवू नये. प्रतिजैविके मुक्तहस्ते वाटली की इतर जंतू त्यांना सरावतात, हे त्यामागचे कारण उघड आहे. पण शेतीचे वेळापत्रक सहा आठवड्यांत मावत नाही. तरवा काढणे आणि लावणी जुलैपर्यंत, बेणणी श्रावणात, आणि पुढे आश्विनात ओल्या शेतातली कापणी, असा पायांचा पाण्याशी संबंध चार महिने टिकतो. मग ते सहा आठवडे कोणते? माझ्या मते जिल्ह्याने मागील तीन-चार वर्षांच्या रुग्णांची तापाची तारीख आणि गाव यांची यादी काढून, प्रत्येक गावाचा चढता काळ पाहूनच ते ठरवावेत. सगळ्या तालुक्यांत एकाच तारखेला वाटप सुरू करण्याचा हुकूम सोयीचा असतो, पण एका गावाला तो लवकर पडतो आणि दुसऱ्याला उशिरा.

गोळी हातात पडल्यावरही पुष्कळ काही बिघडू शकते. एका वाडीत आशाताईंबरोबर फिरताना त्या प्रत्येक घरी एकच गोष्ट सांगत होत्या: "काकानु, गोळी जेवल्यार घेवा, उपाशी पोटार नको." उपाशीपोटी घेतल्यास मळमळते, आणि मळमळल्यावर माणूस दुसऱ्या आठवड्याची गोळी खापरीच्या फटीत सारून ठेवतो. घोटभर पाण्याबरोबर घेऊन लगेच आडवे झाल्यास ती अन्ननलिकेला चिकटून तेथे व्रण करते. म्हणून पेलाभर पाणी आणि अर्धा तास बसणे आवश्यक. त्याच आशाताई बायकांना लोहाच्या गोळ्याही देत होत्या, आणि पुष्कळ घरी दोन्ही गोळ्या एकाच वेळी घेतल्या जात होत्या. लोह डॉक्सिसायक्लिनला पोटातच बांधून टाकते व ते रक्तात पोचतच नाही. या दोहोंमध्ये काही तासांचे अंतर हवे, हे वाटपाच्या कागदावर छापलेले मला दिसले नाही. गरोदर स्त्रियांना आणि आठ वर्षांखालील मुलांना हे औषध देत नाहीत. मुंबई महापालिकेच्या सूचनांत त्यांच्यासाठी ॲझिथ्रोमायसिन सांगितलेले असते. परंतु लावणीला गरोदर बाई असतेच, आणि यादी करणाऱ्याने मोघम विचारले तर ती सांगत नाही, कारण सांगितल्यास मजुरी जाईल अशी तिला भीती असते.

सफाई कामगाराची गोष्ट याहून अधिक कठीण आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईत या तापाने रुग्णालये भरली. तेव्हापासून तुंबलेल्या पाण्यातून चालून आलेल्याने बहात्तर तासांच्या आत औषध घ्यावे, असे महापालिका दर पावसाळ्यात नागरिकांना सांगत असते. ज्याचा संपर्क एकदाच घडला त्याच्यासाठी हा उपाय नेटका आहे. परंतु नालेसफाईच्या मोसमात गाळ उपसणारा, कचऱ्याच्या ढिगात उघड्या हाताने फाटके डबे आणि काचा वेचणारा, चाळीच्या मागच्या घरगल्लीत उंदरांच्या वाटेवर रोज पाय ठेवणारा माणूस बारमाही त्या पाण्यात असतो. त्याच्यासाठी बहात्तर तासांची मुदत दररोज नव्याने सुरू होते, आणि सहा आठवड्यांची गोळी वर्षाच्या उरलेल्या शेहेचाळीस आठवड्यांचे रक्षण करीत नाही. त्याला खरा आधार गमबूट, हातमोजे, चष्मा, कामानंतर साबण व पुरेसे पाणी, आणि जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी यांचाच.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. लावणीला गमबूट चालत नाहीत. खोल चिखलात ते रुतून बसतात, बाई पाय उपसते आणि बूट तेथेच राहतो. शेतकऱ्याला संरक्षक साधने द्या, असे म्हणणाऱ्याने एक दिवस खाचरात उतरून पाहावे. म्हणून शेतात गोळीला जे स्थान आहे ते गटारात नाही, आणि गटारात बुटाला जे स्थान आहे ते शेतात नाही. पण सफाई कामगाराला मिळणारे बूट तरी कसे असतात? कायम कामगारांना ते मिळतात. कंत्राटदाराच्या हजेरीपटावरील मजुराला पुष्कळदा एकाच मापाचे, आतून घामाने भिजणारे, फाटले तरी बदलून न मिळणारे बूट येतात. भोक पडलेल्या बुटात शिरलेले गटाराचे पाणी दिवसभर पायाशी कोंडून राहते, आणि अशा बुटापेक्षा उघडा पाय धुवायला तरी सोपा, असे एका कामगाराने मला सांगितले. त्याच्या बोटांच्या बेचक्यांत लावणीच्या बाईसारख्याच चिखल्या होत्या.

या कामगाराला ताप येतो तेव्हा तो वस्तीतल्या दवाखान्यात जातो, तेथे त्याचा धंदा कोणी विचारीत नाही, आणि तोही होऊन सांगत नाही, कारण गटारात उतरतो हे सांगण्याची लाज समाजाने त्याला शिकविलेली आहे. फेनच्या हिशेबातले ते दहा गुण तेथेच गळून पडतात. पुढे तो दगावला तर मृत्यूच्या दाखल्यावर मूत्रपिंड निकामी किंवा फुप्फुसाचा दाह अशी नोंद होते. कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात आपल्याकडे अशी तरतूद आहे की संसर्गाचा विशेष धोका असलेल्या कामात जडलेला सांसर्गिक रोग हा व्यवसायजन्य मानला जावा व त्याची भरपाई मिळावी. पण ती मागायला दोन गोष्टी कागदावर असाव्या लागतात: रोगाचे निश्चित नाव, आणि आजारी पडण्यापूर्वी तो माणूस कोणते काम करीत होता याची त्याच वेळी झालेली नोंद. विधवा दोन वर्षांनी हजेरीपटाची नक्कल घेऊन फिरू लागते तेव्हा रुग्णालयाच्या दफ्तरातला व्यवसायाचा रकाना कोरा असतो.

केसपेपरावर हा रकाना छापलेलाच असतो आणि तो भरायला अर्धे मिनिट लागते. जून ते नोव्हेंबर या महिन्यांत तापाचा रुग्ण तपासणाऱ्या प्रत्येक डॉक्टरांना, मग ते सरकारी केंद्रातले असोत की खासगी दवाखान्यातले, माझी कळकळीची विनंती एवढीच आहे की त्या रकान्यात शेती किंवा मजूर असा एक शब्द टाकून त्यांनी थांबू नये. गेल्या पंधरा दिवसांत कोणत्या पाण्यात, किती दिवस आणि कोणत्या पायताणांनी काम केले हे विचारावे, तारखेसह लिहावे, आणि मगच पोटरी दाबून पाहावी.